पगार सातला, बिल चारला

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी पगाराचं काम बघते. आमच्याकडं पगार ७ तारखेला होतो. रविवार आला किंवा पार्टीचं पेमेंट अडकलं तर ८ किंवा ९ तारीख उजाडते. निम्म्या पोरांकडं आता क्रेडिट कार्ड आहे. कार्ड देणारे आमच्याच गेटवर टेबल टाकून बसतात, पगाराची स्लिप घेतात, आधार-पॅन घेतात. पगार किती हे बघतात, पण कधी होतो हे कुणी विचारत नाही. हे मला मनापासून खटकतं, म्हणून आज सविस्तर लिहिते.

गेल्या वर्षी मशीन शॉपमधला एक मुलगा १७ सप्टेंबरला बिल घेऊन आला. "ताई, मी हप्ता चुकवला नाही, दंड लागला नाही, तरी ८२७ रुपये जादा कशाचे? तेवढं बघा की."

बघितलं. त्यानं २० जुलैला राजारामपुरीतून कार्डावर १२,००० रुपयांची वॉशिंग मशीन घेतलेली. दुसरी खरेदी नाही. बिल निघालं १५ ऑगस्टला, भरायची शेवटची तारीख ४ सप्टेंबर. त्या दिवशी खात्यात जेमतेम पैसे, कारण पगार व्हायला अजून तीन दिवस. म्हणून त्यानं मिनिमम ड्यू म्हणजे ६०० रुपये भरले आणि ९ तारखेला उरलेले ११,४०० एकदम भरून टाकले. त्याच्या हिशेबानं पाच दिवसांचा उशीर.

कार्डाचा हिशेब तसा चालत नाही. पूर्ण बिल वेळेत भरलं नाही की बिनव्याजी मुदत संपते आणि व्याज खरेदीच्या दिवसापासून धरतात. २० जुलै ते ४ सप्टेंबर ४६ दिवस १२,००० वर, पुढचे पाच दिवस ११,४०० वर. दर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. व्याज झालं ७०१ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १२६. मिनिमम भरल्यानं लेट फी वाचली, पण व्याज वाचलं नाही. कुणीतरी त्याला "तीन दिवस चालतात" असंही सांगितलं होतं. ते तीन दिवस आहेत, पण लेट फी लावायला आणि सिबिलसारख्या संस्थांना थकबाकी कळवायला. बिनव्याजी मुदत त्यानं वाढत नाही.

या मुलाकडं पैसे नव्हते असं नाही. पगार आणि बिल यांच्या तारखा उलट्या लागल्या होत्या, एवढंच. आणि बिलाची तारीख बदलून मागता येते. रिझर्व्ह बँकेनं २०२२ च्या कार्डविषयक निर्देशांत बिलिंग सायकल एकदा बदलायची सोय ठेवली होती. ७ मार्च २०२४ च्या दुरुस्तीनं ती "किमान एकदा, ग्राहकाच्या सोयीनं" अशी झाली. हेल्पलाइन, ईमेल, नेट बँकिंग, ॲप अशा मार्गांनी ती मागता आली पाहिजे, असंही त्यात आहे. म्हणजे बँक आपल्यावर उपकार करत नाही.

पण मागताना बरेच जण चुकतात. ड्यू डेट थेट बदलत नाही, बदलते बिल निघायची तारीख. ड्यू डेट तिच्यामागून येते. म्हणून उलटं मोजायचं. या मुलाच्या कार्डावर बिल निघाल्यापासून २० दिवसांची मुदत. आधी आपल्या जुन्या दोन बिलांवरून हा आकडा काढा, प्रत्येक कार्डाचा वेगळा असतो. पगार ७ ला, उशिरात उशिरा ९ ला. पैसे पोचायला एक-दोन दिवस धरले तर ड्यू डेट ११ च्या अलीकडं नको. ११ तून २० दिवस मागं गेलं की येते २२ तारीख. आम्ही २२ मागितली. मग ३१ च्या महिन्यात निघालेलं बिल पुढच्या ११ ला, ३० च्या महिन्यातलं १२ ला, फेब्रुवारीतलं १४ ला भरायचं येतं. ही तारीख अशी पुढंमागं होते म्हणून घाबरायचं नाही. तो आधी ड्यू डेट म्हणून ८ तारीखच मागणार होता, "पगार झाला की लगेच भरतो" म्हणून. मी नको म्हटलं. एखाद्या महिन्यात पगार ९ ला झाला की पुन्हा तेच रडगाणं.

कस्टमर केअरवाल्या बाई आधी म्हणाल्या, "सिस्टिममध्ये ऑप्शन दिसत नाही." मी त्याला त्यांच्याकडून रिक्वेस्ट नंबर घ्यायला लावला आणि त्याच संध्याकाळी ईमेल पाठवला. कार्डाचे शेवटचे चार आकडे, सध्याची बिलाची तारीख १५, हवी असलेली २२ आणि रिझर्व्ह बँकेच्या मार्च २०२४ च्या दुरुस्तीचा उल्लेख. सहा दिवसांत बदल झाल्याचा मेसेज आला. आला नसता तर ३० दिवस थांबून cms.rbi.org.in वर तक्रार करायची तयारी ठेवली होती.

आता खरी काळजीची जागा. बदल मंजूर झाला म्हणून निघालेलं बिल सरकत नाही. १५ सप्टेंबरच्या त्या बिलाची ड्यू डेट ५ ऑक्टोबरच राहिली, म्हणजे पुन्हा पगाराच्या आधी. ते ८२७ रुपये हातातल्या सप्टेंबरच्या पगारातूनच त्याला लगेच भरायला लावले. त्यानंतरचं बिल १५ ऑक्टोबरला न निघता २२ ला निघालं. त्यात १६ सप्टेंबरपासूनचे ३७ दिवस आले, दसरा आणि दिवाळीची खरेदी एकाच कागदावर. मी आधीच बजावलं होतं, म्हणून त्यानं कार्ड हात राखून वापरलं. काही कंपन्या उलट करतात, मधल्या सात दिवसांचं छोटं बिल काढतात आणि एकाच महिन्यात दोन ड्यू डेट येतात. छोटं म्हणून ते राहून जातं आणि पूर्ण बिल न भरल्याचा तोच फटका बसतो. म्हणून रिक्वेस्ट देतानाच विचारा, मधलं बिल लांब निघणार की आखूड. आणि कार्डावर आधीची थकबाकी असेल तर ती आधी मिटवा, नाहीतर रिक्वेस्ट तिथंच अडकू शकते.

आणखी एक गोष्ट माझ्याही नजरेतून सुटणार होती. त्यानं पगाराच्या बँकेच्या ॲपमध्ये "दर महिन्याच्या ३ तारखेला कार्डाला ६०० रुपये" अशी सूचना लावून ठेवलेली. कार्ड कंपनीचा स्वतःचा ऑटो डेबिट असता तर तो बिलाच्या ड्यू डेटप्रमाणं सरकला असता. ही त्यानं स्वतः लावलेली, ती तीनलाच पैसे उचलत राहिली असती. कॅन्टीनमध्ये बसून ती काढली आणि कार्ड कंपनीकडं पूर्ण बिलाचा ऑटो डेबिट लावला, मिनिममचा नाही.

११ नोव्हेंबरला त्या ३७ दिवसांच्या बिलाचे पैसे खात्यातून गेले. पगार ७ लाच जमा झाला होता. २२ नोव्हेंबरचं बिल निघालं तेव्हा त्यानं मला फोटो पाठवला, व्याजाच्या ओळीत शून्य होतं.