नाईन ऑफ कप्स आलं की लगेच ‘होय’? एका प्रतिक्रियेला उत्तर

“ताई, नाईन ऑफ कप्स म्हणजे विश कार्ड, हे कुणालाबी माहिताय. सरळ आलं की होय, उलटं आलं की नाही. माणूस आशेनं विचारायलाय आन तुम्ही म्हणायलात ते उत्तर उथळ असू शकतं. साधी गोष्ट उगं कशाला अवघड करायलात?”

दादा, टॅरोमधी नाईन ऑफ कप्स आलं की लगेच दिलेलं ‘होय’ उथळ असू शकतं असं मी लिहिलं होतं, आणि ‘उथळ’ हा शब्द जरा टोचणाराच होता, मान्य. पण मुद्दा मागं घेत नाही.

विश कार्ड हे नाव खोटं नाही. साध्या पत्त्यांवर भविष्य बघायची जुनी पद्धत आहे, तिच्यात बदामाची नव्वी इच्छेची समजतात, आणि टॅरोमधले कप्स म्हणजे पत्त्यातले बदामच. पण चित्र एकदा नीट बघा. १९०९ साली लंडनमध्ये निघालेला रायडर-वेट डेक, पामेला कोलमन स्मिथनं काढलेली चित्रं, बहुतेकांकडं तोच असतो. लाल टोपीवाला जाडजूड माणूस बाकावर बसलाय, हाताची घडी, चेहऱ्यावर पोट भरल्याचं समाधान. नऊ कप त्याच्या पाठीमागं उंचावर मांडलेत आणि तो त्यांच्याकडं बघत पण नाही. बाकावर दुसरं कुणीच नाही. हा डेक करून घेणाऱ्या खुद्द वेटनं लिहून ठेवलंय की हे चित्र फक्त भौतिक बाजू दाखवतं, बाकीच्या बाजू वेगळ्या आहेत. आणि उलट्या कार्डाला त्यानं ‘नाही’ म्हटलेलंच नाही, तिथं सत्य, निष्ठा, स्वातंत्र्य असले अर्थ दिलेत आणि त्यांच्याच शेजारी चुका आणि उणिवा, म्हणजे ‘उलटं आलं की नाही’ हे आपलं आपणच ठरवलेलं.

आता एक केस सांगते, परभणीतली. नाव सांगत नाही, आणि दोन-चार गोष्टी मुद्दाम बदलल्यात. एक वहिनी आल्या, म्हणल्या माझी एकच इच्छा आहे, पूर्ण होईल का तेवढं सांगा. इच्छा काय ते सांगायला तयार नाहीत. तीन पत्ते काढले, मधी नाईन ऑफ कप्स. त्या ओळखायच्या कार्ड, लगेच हात जोडले. मी पण त्या टायमाला नवीनच होते, बोलून गेले की होय, होणार. त्या पर्स उचलून निघाल्या पण, आणि तेवढ्यात माझं लक्ष बाजूच्या दोन पत्त्यांवर गेलं आणि म्हटलं वहिनी, दोन मिनिटं बसा.

डावीकडं एट ऑफ कप्स होतं. रात्रीचं एक माणूस आठ कप मागं टाकून निघून चाललाय, आणि कपांच्या रचनेत वरच्या रांगेत एका कपाची जागा मोकळी दिसते. उजवीकडं सिक्स ऑफ कप्स, जुन्या घराचं अंगण, एक पोरगं छोट्या पोरीला फुलं लावलेला कप द्यायलंय. मी विचारलं, इच्छा पूर्ण झाली असं समजा, दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पहिलं काय करणार?

मग निघालं सगळं. वेगळं घर पाहिजे होतं. सासूबाईंशी रोजची कटकट, भांड्यापासून भाजीपर्यंत. म्हणल्या, उठून माझ्या मनानं चहा ठेवीन, कुणी टोकणार नाही. मी म्हटलं आणि लेकरं? यावर गप्पच. मग हळूच म्हणल्या, लेकरं सकाळी आजीपाशीच असतेत, ती त्यांना चुलीपाशी घेऊन शेंगा भाजून देती.

बाकावर एकटा बसलेला माणूस, मागं टाकलेले कप आणि ते अंगण. घर होईल का, तर प्लॉट आणि बँकेचं लोन, ते कार्डाला काय कळणार? ७८ पत्त्यांतून तीन काढले की २६ माणसांमागं सरासरी एकाला हा पत्ता येणारच, त्यांच्या सगळ्यांच्या इच्छा काय पूर्ण होत नसतात. मी ‘होय’ म्हटलेलं फार तर चहापुरतं खरं होतं. कटकट थांबावी हे एक आणि आजीपासून लेकरं तोडू नयेत हे दुसरं, या दोन इच्छा एकमेकींच्या आड यायल्या होत्या आणि त्या ‘होय’नं दोन्ही झाकून टाकल्या असत्या. टेन ऑफ कप्समधी नवरा-बायको आहेत, नाचणारी लेकरं आहेत, वर इंद्रधनुष्य आहे. ते कार्ड आलंच नव्हतं, आणि वहिनींना खरं तर तेच पाहिजे होतं.

तेव्हापासून मी इच्छा काय ते ऐकल्याशिवाय पत्ते पिसतच नाही. माणूस नुसतं “होईल का” यावरच अडून बसला आणि “कशाला पाहिजे” म्हटलं की चिडला, तर समजते की याला ‘होय’ ऐकून उठायचंय. त्याला मी तेवढं सांगते पण, फी मात्र घेत नाही.

तुम्ही कुणासाठी विचारायलात ते लिहिलं नाही तुम्ही. स्वतःसाठी असेल तर त्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळचं उत्तर इथं लिहू नका, मला मेल करा.

वहिनींचं म्हणाल तर अजून त्याच घरात आहेत. स्वयंपाकघर वेगळं केलंय, मागच्या पडवीत शेगडी मांडून. चूल सासूबाईंकडंच राहिली, त्यामुळं लेकरं शेंगा खायला पुढच्याच घरात असतेत.