दहापट लिव्हरेजचा लिक्विडेशन भाव: खुलासा

“१०एक्स घेतलंय ना? मग भाव पूर्ण १० टक्के पडेपर्यंत पोझिशनला धक्का नाही.”

मुंबईतल्या ट्रेडिंग ग्रुपांवर फिरणारा हा हिशोब चुकीचा आहे. मार्जिन, म्हणजे दहापट मोठ्या पोझिशनमागे तुम्ही ठेवलेले पैसे, शून्यावर येण्याची वाट एक्स्चेंज पाहत नाही. मेंटेनन्स मार्जिन, म्हणजे पोझिशन चालू ठेवायला लागणारी किमान रक्कम, आणि पोझिशन बंद करण्याची फी भागेल एवढेच पैसे उरले की ते पोझिशन मोडतं; हेच लिक्विडेशन. आयसोलेटेड लाँगसाठी, म्हणजे भाव वाढेल या अंदाजाने घेतलेल्या आणि फक्त स्वतःचंच मार्जिन पणाला असलेल्या पोझिशनसाठी, सूत्र असं:

```
P = E × (1 − 1/L) / (1 − m − f)
```

E म्हणजे खरेदीचा भाव, L लिव्हरेज, m मेंटेनन्स दर, f फी. समजा बिटकॉइन ६०,००० डॉलरला घेतला, m ०.५ टक्के आणि f ०.०५ टक्के. मग ५४,००० भागिले ०.९९४५, म्हणजे सुमारे ५४,२९९. घसरण साडेनऊ टक्के.

अर्ध्या टक्क्याने काय होतं, असं वाटेल. पण हेच गणित १००एक्सला करा: भाव येतो ५९,७२९. एक टक्का हातात आहे असं समजत होतात, प्रत्यक्षात निम्म्याहून कमी, ०.४५ टक्काच.

हा भाव मार्क प्राइसशी, म्हणजे एक्स्चेंजने काढलेल्या संदर्भ भावाशी, ताडला जातो, चार्टवरच्या शेवटच्या सौद्याशी नाही. पोझिशन मोठी असेल तर m चा टप्पाही वाढतो. शिवाय अनेक ठिकाणी पहाटे ५:३०, दुपारी १:३० आणि रात्री ९:३० ला फंडिंग, म्हणजे लाँग आणि शॉर्टवाल्यांमधली ठरावीक देवघेव, लागतं. ते मार्जिनमधून कापलं गेलं, तर लाँगचा लिक्विडेशन भाव आणखी वर सरकतो.