बोर्डावरची रेघ तुटली, पण मशीनमुळे नाही

ग्राहकाचा अभिप्राय (एक तारा): "मार्केट यार्डातल्या दुकानासाठी दहा फुटी फ्लेक्स बोर्ड करून घेतला, 'धान्य व हळद भांडार'. अक्षरांवरची रेघ जागोजागी तुटलीय. ध आणि भ वर तर अर्धी रेघच उडालीय. हीच फाइल मोबाइलवर एकदम नीट दिसते. मशीन खराब असेल तर सांगा ना, पैसे कशाला घेता?"

नमस्कार शेठ,

तुमची तक्रार वाचून काल संध्याकाळी यार्डात जाऊन बोर्ड पट्टी लावून मोजला. रेघ तुटलीय हे खरंच आहे. ती पाच ठिकाणी तुटलीय: 'धान्य'मध्ये धा आणि न्य यांच्यामध्ये एकदा, 'हळद'मध्ये दोनदा आणि 'भांडार'मध्ये दोनदा. पाचही फटी सारख्याच, १० मिलीमीटरच्या. आणि प्रत्येक फट एक अक्षर संपून दुसरं सुरू होतं तिथेच आहे.

मशीनचा दोष असा अक्षरं बघून येत नाही. प्रिंटरच्या हेडचं नोझल चोंदलं तर बारीक पांढरे पट्टे उमटतात. ते फ्लेक्सच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ जातात, मागचा लाल रंग, हळकुंडांचा फोटो, फोन नंबर, सगळ्यांतून. तुमच्या बोर्डावर लाल रंग सलग आहे, फोटो स्वच्छ आहे, खालची इंग्रजी ओळही स्वच्छ आहे. फटी फक्त मराठी ओळीत.

कारण फाइलमध्ये आहे. शिरोरेषा आपण हाताने लिहिताना शब्द झाला की एका दमात ओढतो. फॉन्टमध्ये मात्र ती एक रेघ नसतेच. फरशीच्या कडेची नक्षी जशी प्रत्येक फरशीवर तुकड्यातुकड्याने असते आणि फरशा जोडून बसवल्या की सलग दिसते, तसं प्रत्येक अक्षर आपल्यापुरता रेघेचा तुकडा घेऊन येतं. चांगल्या फॉन्टमध्ये तो तुकडा किंचित लांबच ठेवलेला असतो, म्हणजे शेजारच्या तुकड्यावर थोडा चढतो. आता कुणी अक्षरांतलं अंतर वाढवलं, ज्याला ट्रॅकिंग म्हणतात, की सॉफ्टवेअर दोन अक्षरांच्या मध्ये कोरी जागा घालतं. रेघ ताणून ती जागा भरायचं काम ते करत नाही. इंग्रजी छापील अक्षरं मुळातच सुटी असतात, म्हणून तिथे हे खपून जातं.

तुमच्या फाइलचे कर्व्ह केलेले होते, म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांचे नुसते आकार करून टाकलेले, त्यामुळे ट्रॅकिंगचा आकडा दिसत नाही, पण उलट हिशोबाने साधारण काढता येतो. मराठी ओळीचा फॉन्ट बोर्डावर साधारण ४०० मिलीमीटरचा बसलाय. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकिंग अक्षराच्या आकाराच्या हजाराव्या भागात मोजतात. २५ दिलं तर ४०० चे २५ हजारांश, म्हणजे बरोबर १० मिलीमीटर. डिझाइन करणाऱ्याने मराठी ओळ दोन्ही कडांना खालच्या इंग्रजी ओळीइतकी आणायला हे केलं असणार. कडा खरोखर जुळल्यात, तेवढं त्याचं काम नेटकं आहे.

मोबाइलवर का दिसलं नाही? दहा फूट म्हणजे ३०४८ मिलीमीटर, आणि मोबाइलची रुंदी साधारण ६५. बोर्ड जवळजवळ ४७ पटीने लहान होतो आणि १० मिलीमीटरची फट पाव मिलीमीटरपेक्षाही बारीक होते. त्यात व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की कडा धूसर होतात आणि फट भरल्यासारखी वाटते. काउंटरवर आमच्या मुलाने स्क्रीनवर पूर्ण बोर्ड दाखवला होता, तोही असाच लहान झालेला.

पुढच्या वेळी तपासायचं असेल तर पीडीएफ उघडून एका जोडावर झूम करत जा. अक्षर मोठं होईल तशी फटही रुंदावत गेली तर ती खरी. ती केसासारखीच बारीक राहिली किंवा मधेच नाहीशी झाली तर तो स्क्रीनचा खेळ, छापताना येत नाही. हे दुसरं बघून घाबरून फोन करणारेही पुष्कळ आहेत.

आता ध आणि भ. इथे मात्र तुमचं म्हणणं मला मान्य नाही. तिथली रेघ उडालेली नाही, ती तिथे नसतेच. ध च्या डाव्या गाठीवर रेघ येत नाही, भ चंही तसंच. तिथे रेघ ओढली तर ध चा घ वाचला जाईल आणि भ चा म. 'घान्य मांडार' असा बोर्ड यार्डात लागला असता तर तुम्ही एक ताराही दिला नसता. तुटलेल्या रेघेचा खरा त्रास इथेच आहे: मोकळी जागा कुठे अक्षराची आणि कुठे चुकीची, हे वाचणाऱ्याला पटकन कळत नाही. शब्द संपला हेही रेघ थांबल्यावरून कळतं, म्हणून 'हळद' लांबून 'ह ळ द' असं सुटंसुटं दिसतंय.

कडा जुळवायच्याच असतील तर ट्रॅकिंग शून्य करायचं आणि फॉन्ट थोडा मोठा करायचा. ओळ सध्या साधारण २७०० मिलीमीटर आहे. तिच्यात अक्षरं आणि शब्दांमधल्या जागा धरून ११ ठिकाणी १०-१० मिलीमीटर, म्हणजे ११० वाढलेत. तेवढी रुंदी फॉन्ट ४०० चा ४१७ केला की मिळते, आणि उंचीतला तो फरक रस्त्यावरून कुणाला कळत नाही. किंवा तीच ११० शब्दांच्या मधल्या तीन जागांत वाटायची, प्रत्येकी ३७ च्या आसपास. तिथे रेघ तशीही थांबलेलीच असते.

काहीजण अक्षरं एकमेकांपासून लांबच ठेवून वरून पट्टी काढतात आणि वेल्ड करतात, म्हणजे पट्टी आणि अक्षरं मिळून एकच आकार करतात. जमतं, पण पट्टीची जाडी आणि उंची रेघेशी अगदी जुळावी लागते, ध-भ ची जागा सोडावी लागते, आणि कर्व्ह झाल्यावर अनुस्वार राहिला असेल तर टाइप करून घालता येत नाही. मला तो उद्योग फक्त अ‍ॅक्रिलिकची अक्षरं कापायची असतील तेव्हाच पटतो. तिथे वेल्ड करावंच लागतं, नाहीतर रेघेचे तुकडे जिथे एकमेकांवर चढलेत तिथे मशीन आडवा काप मारतं.

तुमच्यासाठी दोन मार्ग आहेत. ज्याने डिझाइन केलं त्याच्याकडून कर्व्ह न केलेली फाइल आणि फॉन्ट मागवा. ओळ आम्ही बसवून देऊ, त्याचे पैसे नाहीत, नव्या फ्लेक्सचे तेवढे द्यावे लागतील. बोर्ड उतरवायचा नसेल तर माणूस शिडी घेऊन येईल आणि त्या पाच फटींवर पिवळ्या व्हिनाइलचे तुकडे रेघेच्या जाडीला कापून चिकटवेल. फ्लेक्सचा पिवळा आणि व्हिनाइलचा पिवळा तंतोतंत एक नसतो, दुकानाच्या पायरीवरून ओळखू येईल, रस्त्यावरून नाही. त्या अर्ध्या तासाचे काही घेणार नाही. फक्त सकाळी सौद्याच्या वेळी नको, तेव्हा तुमच्या दारात शिडी उभी करायला जागा नसते.