अल्ब्युमिनचे ते दोन दिवस: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: “हेपॅटोरीनल सिंड्रोममध्ये मूत्रपिंड मुळात निरोगी असते असे आपण लिहिता. मग ते बंद का पडते? माझ्या काकांचे क्रिएटिनिन वाढत असताना डॉक्टरांनी दोन दिवस नुसते अल्ब्युमिन चढवले, डायलिसिस केले नाही. हा वेळ दवडणे नव्हे काय?”

‘निरोगी’ हा शब्द मी सैलपणे वापरला, हे मान्य आहे. ‘रचनेने बऱ्याच अंशी शाबूत’ असे लिहायला हवे होते. सिरोसिसमध्ये, म्हणजे यकृत निबर झाल्यावर, आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या पोर्टल शिरेतला दाब वाढला की आतड्यांकडच्या धमन्या सैलावतात, पुष्कळ रक्त तिकडेच वळते आणि उरलेल्या शरीराला रक्त कमी पडल्यासारखे होते. ती तूट भरून काढण्यासाठी सुटणारी संप्रेरके मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या इतक्या आवळतात की गाळणीपर्यंत पुरेसे रक्तच पोचत नाही; हाच हेपॅटोरीनल सिंड्रोम. अशा रुग्णांची मूत्रपिंडे मृत्यूनंतर, यकृत धड असलेल्या रुग्णांना बसवल्यावर, काम करू लागल्याची नोंद 1969 सालची आहे.

आता ते दोन दिवस. माझ्या पाहण्यातल्या एका रुग्णाचे वजन 60 किलो होते, पोटात जलोदर होता, लघवीच्या गोळ्या चालू होत्या आणि मूत्रपिंड मंदावले की रक्तात साठणारे क्रिएटिनिन पाच दिवसांत 0.8 वरून 1.9 वर गेले होते. (सिरोसिसमध्ये स्नायू झडलेले असल्याने हा आकडा दिसतो त्यापेक्षा गंभीर असतो.) गोळ्या किंवा जुलाबांमुळे शरीर नुसते कोरडे पडले असेल, तर द्रव मिळताच क्रिएटिनिन उतरते. लघवीतले सोडियम येथे निवाडा करत नाही, कारण ते कोरडेपणातही कमी असते आणि हेपॅटोरीनलमध्येही. म्हणून गोळ्या थांबवून, रक्तवाहिन्यांत पाणी धरून ठेवणारे अल्ब्युमिन हे प्रथिन किलोमागे एक ग्रॅम, म्हणजे 20 टक्के अल्ब्युमिनच्या 100 मिलिलिटरच्या तीन बाटल्या, रोज दिल्या. त्याच वेळी पोटातले पाणी तपासून जंतुसंसर्ग नसल्याची खात्री केली. लघवीत प्रथिने नगण्य होती, सोनोग्राफीत मूत्रपिंडे नेहमीसारखी दिसली, आणि नलिका खरोखर जळाल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे मातकट तपकिरी साचेही नव्हते. तरीही 48 तासांनी क्रिएटिनिन 2.3 झाले. तेव्हाच हेपॅटोरीनल म्हणता आले आणि सैलावलेल्या धमन्या आवळणारे टर्लिप्रेसिन सुरू झाले.

डायलिसिस रक्त स्वच्छ करते, पण त्या धमन्या पूर्ववत करत नाही, आणि आधीच कमी असलेला रक्तदाब त्यात आणखी ढासळू शकतो. म्हणून यकृत प्रत्यारोपण शक्य असेल, तर तोवर रुग्णाला तगवण्यासाठी त्याचा मुख्यतः उपयोग होतो.

तरी आपल्या तक्रारीत एक खरी बाजू आहे. फार काळ रक्त न मिळाल्यास नलिकाही मरू लागतात आणि मग वरचा फरक पुसट होतो. हेपॅटोरीनलच्या निदानाच्या 2024 च्या निकषांनी वाट पाहण्याची मुदत 24 तासांवर आणली ती उगीच नाही. शिवाय फुप्फुसात पाणी भरू लागले तर अल्ब्युमिन थांबवावेच लागते. काकांच्या कागदांवर रोजचे क्रिएटिनिन आणि टर्लिप्रेसिन सुरू झाल्याची तारीख असेल, ती ताडून पाहावी. दोन दिवस उलटूनही आकडा चढत राहिला आणि टर्लिप्रेसिन देण्याचा किंवा न देण्याचा निर्णय कोठेच नोंदलेला नसेल, तर जाब त्याचा विचारावा.