‘सांगण्यात आले’ म्हणे! कोणी सांगितले?

काल रात्री वहिनीचे अकरा मेसेज आले. भाच्याच्या पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला अजून मिळालेला नाही, आणि मामलेदार कार्यालयात तिला सांगितलंय, ‘लेखी अर्ज द्या.’ अर्ज लिहायचा मी.

मेसेज असे: ‘चतुर्थीच्या आधी कागद दिले.’ ‘दोनदा फेरी मारली, बसभाडं फुकट.’ ‘तो चष्मेवाला म्हणतो तलाठ्याचा रिपोर्ट आला नाही.’ ‘तलाठी म्हणतो कधीच पाठवला.’ सगळं खरं आहे, पण अर्जात यातलं एकही वाक्य जसंच्या तसं चालत नाही. ‘चतुर्थीच्या आधी’ म्हणजे कधी? पावती शोधायला लावली तेव्हा १२ ऑगस्ट निघाला, आवक क्रमांकही मिळाला. तो ‘संदर्भ’ म्हणून वर घातला. तो नसेल तर फाइल सापडत नाही म्हणून पुन्हा परत पाठवतात.

मग चष्मेवाला. हात आपोआप लिहून गेला, ‘कार्यालयात चौकशी केली असता तलाठी अहवाल अप्राप्त असल्याचे सांगण्यात आले.’ आणि माझं डोकंच फिरलं! कोणी सांगितलं? एका जिवंत माणसाने, खुर्चीवर बसून, बाईच्या तोंडाकडे न बघता सांगितलं. आमच्या या कार्यालयीन मराठीत तो माणूसच नाहीसा होतो. वहिनीच्या मेसेजमध्ये निदान चष्मा तरी होता!

ते वाक्य खोडलं. लिहिलं: ‘दि. ३ व २२ सप्टेंबर रोजी मी समक्ष चौकशी केली. खिडकी क्र. २ वरील कर्मचाऱ्याने तलाठ्याचा अहवाल आला नसल्याचे तोंडी सांगितले. तलाठ्याने मात्र अहवाल पाठविल्याचे सांगितले. अहवाल कोणत्या तारखेस पाठविला, तो आपल्या कार्यालयात कधी पोचला आणि सध्या प्रकरण कोणाकडे आहे, हे लेखी कळवावे.’ बसभाडं काढलं, वाईट वाटलं, पण दाखला अडलाय कुठे हे त्यातून कळत नाही. भाच्याच्या प्रवेशाची शेवटची तारीख ठेवली.

संताप याचा येतो की त्यांचं ‘नंतर या’ कधीच कागदावर येत नाही, आणि आमची साधी विचारणा मात्र ‘महोदय’पासून ‘आपली विश्वासू’पर्यंत सजवून न्यावी लागते. आज तर आवक टेबलावर वहिनीला म्हणे, ‘इंग्रजीत आणा.’ गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणीबरोबर मराठीच्या सरकारी वापराची तरतूद आहे, हे त्या टेबलावर बसणाऱ्याला मी सांगायचं?

उद्या मीच जाणार. दोन प्रती, आणि आमच्या प्रतीवर तारखेसकट शिक्का मिळाल्याशिवाय खिडकीसमोरून हलणार नाही.