पाकिटावरचा क्यूआर एका मिनिटात बदलत नसतो

"वेबसाइटवर पैसे घालू नका. बायोत फुकटचं लिंक पेज टाका, त्याचाच क्यूआर पाकिटावर छापा, आयुष्यभर पुरतं. गूगलवरपण सापडतं. पुढं वेबसाइट केलीच तर लिंक बदलायची, एका मिनिटाचं काम."

हा मेसेज बचतगटाच्या ग्रुपवरून आमच्या वहिनींकडं आला आणि त्यांनी तो खरा मानला, म्हणून लिहायलोय. वहिनी परभणीत येसर, काळं तिखट करून विकतात, रेसिपीच्या रील्स टाकतात. लिंक पेज म्हणजे आपल्या सगळ्या लिंकांची बटणं एका जागी दाखवणारं पान.

ते एक मिनिट आधी बघू. बायोतली लिंक बदलायला मिनिटच लागतं, खरंय. पण साध्या क्यूआरमधे ते काळे ठिपके म्हणजेच पत्ता असतो, एकदा छापला की छापला. वहिनींनी हजार पाकिटं छापली, दिवाळीआधी ब्रँडचं नाव बदललं, तेव्हा लिंक पेजचं युजरनेमपण बदललं, आणि जुना क्यूआर मारला की पेजच सापडंना. घरातल्या पाकिटांवर आम्ही रात्र जागून स्टिकर चिकटवले, पण जी पाकिटं लोकांच्या घरी गेली त्यांचं काय करणार? पुन्हा ऑर्डर द्यायला तोच क्यूआर मारणार ना ते!

बरं, नाव बदललं नसतं तरी जागा दुसऱ्याचीच. डिसेंबर २०२२ मधे ट्विटरनं लिंकट्रीसारख्या पेजच्या लिंका टाकायलाच बंदी घातली होती. ओरड झाली म्हणून लगेच मागं घेतली, पण तोवर तुमच्या हातात काय होतं?

याला उपाय लगेच वेबसाइट हा नाहीच. नुसतं डोमेन, म्हणजे आपल्या नावाचा वेबपत्ता, घ्यायचं, वर्षाला साधारण हजाराच्या आतबाहेर, आणि डोमेन कंपनीच्या पॅनलमधे फॉरवर्डिंग लावून ते आहे त्या लिंक पेजवर वळवायचं. क्यूआर डोमेनचाच छापायचा. तिथं 301 आणि 302 असं विचारतात, 302 निवडा, म्हणजे तात्पुरतं. 301 म्हणजे कायमचं, ते ब्राउझर लक्षात ठेवतो आणि उद्या तुम्ही दिशा बदलली तरी एखाद्या गिऱ्हाइकाला जुन्याच जागी नेऊन सोडतो. वर्षाला रिन्यू करायचं मात्र विसरू नका, नाहीतर तेबी गेलं.

गूगलचं म्हणाल तर पेजचं नाव टाकलं की पेज सापडंल कदाचित. पण "येसर कसं करायचं" असं शोधणाऱ्याला चार बटणांच्या पेजवर मिळणार काय, तिथं मजकूरच नाही.

आता मेसेजमधलं एक पटतं, नाइलाजानं म्हणतो. नुसतं व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब आणि ऑर्डरचा फॉर्म एवढंच असंल तर वेबसाइट रिकामी पडून राहते. इन्स्टाच तर २०२३ पासून बायोत पाच लिंका देतंय. वेबसाइट कधी करायची हे मेसेजबॉक्स सांगतो. येसरचं प्रमाण काय, तिखट किती दिवस टिकतं, पुण्याला कुरिअर किती, हेच रोज दहा जणींना टाइप करावं लागलं की त्या एकेका उत्तराला स्वतःचं पान पाहिजे. मग वेबसाइट करा आणि फॉरवर्डिंग काढून डोमेन तिला जोडा, क्यूआर तोच चालतो.

वहिनींच्या नव्या पाकिटांवर आता डोमेनचा क्यूआर आहे. तो मारला की सध्या त्याच फुकटच्या पेजवर जातो.