महागड्या परफ्यूमचे डिकँट आणि सोलापूरचा उन्हाळा

दहा-बारा हजारांची परफ्यूमची बाटली वास न घेता मागवू नये, आधी त्याचे दोन किंवा पाच मिलीचे डिकँट वापरून पाहावे, हे आता बहुतेकांना पटलेले आहे. मूळ बाटलीतला परफ्यूम काचेच्या लहान स्प्रेच्या बाटलीत काढून घेणे म्हणजे डिकँट. आपल्याकडे अत्तरवाला कुपी विकण्याआधी फाया देतो, त्यामागेही हाच विचार आहे. माझे म्हणणे त्यापुढचे आहे. डिकँट वापरताना आपण परफ्यूमची परीक्षा घेत असतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात त्या लहान बाटलीची, तिच्या झाकणाची आणि ती ठेवलेल्या जागेचीही परीक्षा चाललेली असते. सोलापूरसारख्या ठिकाणी, जिथे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे जाणे नेहमीचेच आहे, तिथे हा फरक ओळखता आला नाही तर चांगला परफ्यूम नाकारला जातो.

माझ्या पुतण्याचेच उदाहरण सांगतो. त्याने ‘तेर द एर्मेस’चे पाच मिलीचे डिकँट मागवले. हा 2006 सालचा, जाँ-क्लोद एलेना यांनी घडवलेला परफ्यूम आहे. फवारल्याबरोबर संत्रे आणि ग्रेपफ्रूटचा रसरशीत वास यावा, मग मिरीचा झणका आणि तापलेल्या दगडासारखा कोरडेपणा जाणवावा, आणि शेवटी व्हेटिव्हर म्हणजेच वाळ्याचा वास अंगावर टिकावा, अशी त्याची चाल आहे. पुतण्याच्या हातावर मात्र पहिल्या क्षणी नेलपॉलिशसारखा बोचरा वास आला आणि त्यानंतर थेट लाकडाचा जड वास उरला. “काका, यात काही दम नाही, पैसे वाचले म्हणायचे,” असे तो म्हणाला. मी त्याच्याकडून बाटली घेऊन पाहिली. ती साध्या प्लॅस्टिकची होती, निम्म्याहून अधिक रिकामी होती आणि गेले काही आठवडे गाडीच्या डिकीत पडून होती. म्हणजे दुपारभर ऑफिसबाहेर उन्हात. माझ्याकडे त्याच परफ्यूमचे काचेच्या बाटलीत, काठोकाठच्या जरा खाली भरलेले आणि कपाटात ठेवलेले डिकँट होते. दोन्ही त्याच्या दोन हातांवर फवारले तेव्हा संत्रे एकाच हातावर होते.

असे का होते हे समजून घेतले की साठवण्याचे सगळे नियम आपोआप लक्षात राहतात. स्प्रेच्या परफ्यूममध्ये बहुतांश भाग अल्कोहोलचा असतो आणि सुगंधी द्रव्ये त्यात विरघळलेली असतात. झाकण किंवा पंपाचा सांधा जरा सैल असला की अल्कोहोल आधी उडून जाते. मागे राहिलेला द्रव घट्ट आणि गडद होतो. दुसरे काम हवा करते. संत्रे, लिंबू, बर्गमॉट यांच्या वासातले लिमोनीन आणि लॅव्हेंडरसारख्या वासातले लिनालूल ही द्रव्ये प्राणवायूच्या संपर्कात बदलत जातात, आणि उष्णतेने व प्रकाशाने हा बदल वेग घेतो. शंभर मिलीच्या भरलेल्या बाटलीत द्रवाच्या मानाने हवा थोडी असते. पाच मिलीची बाटली निम्मी झाली की जितका परफ्यूम तितकीच हवा होते. म्हणून मूळ बाटली वर्षानुवर्षे चांगली राहते आणि तिच्यातूनच काढलेले डिकँट एका उन्हाळ्यात बिघडू शकते. रंग गडद झाला एवढ्यावरून मात्र बिघाड ठरवू नये. व्हॅनिला असलेले अनेक परफ्यूम वास शाबूत राहूनही तपकिरी होतात. सुरुवातीचा ताजा वास गायब होणे आणि त्या जागी टर्पेंटाइनसारखा किंवा आंबूस वास येणे, ही खरी खूण.

यातला त्वचेचा भाग लोक फारसा मनावर घेत नाहीत, म्हणून तो आवर्जून लिहितो. हवेमुळे बदललेले लिमोनीन आणि लिनालूल मूळ द्रव्यांपेक्षा अधिक सहज अ‍ॅलर्जी करतात. त्यामुळे जुने, अर्धवट उरलेले डिकँट वासापुरतेच वाईट असते असे नाही. नवीन डिकँट आले की पहिला फवारा कोपराच्या आतल्या बाजूला एकाच जागी द्यावा आणि दोन दिवस थांबावे. लाली, खाज किंवा बारीक पुरळ अनेकदा लगेच न येता दुसऱ्या दिवशी उमटते. तसे झाले तर तो परफ्यूम कितीही आवडला तरी अंगाला लावू नये. नुकत्याच दाढी केलेल्या किंवा उन्हाने भाजलेल्या त्वचेवर तर चाचणी करूच नये.

आता बाटलीविषयी. काचेची, स्क्रूच्या झाकणाची, बारीक फवारा देणारी अ‍ॅटोमायझर बाटली घ्यावी. दोन मिली पुरेसे असते, असे माझे स्पष्ट मत आहे. साधारण एका फवाऱ्यात 0.1 मिली परफ्यूम जातो, म्हणजे दोन मिलीत वीसच्या आसपास फवारे मिळतात; रोज चार धरले तर पाच दिवस. तेवढ्या दिवसांत एक भर दुपार, एक संध्याकाळचे लग्न किंवा कार्यक्रम आणि एक ऑफिसचा दिवस सहज पाहता येतो. समजा शंभर मिलीची बाटली दहा हजारांची आहे, म्हणजे मिलीला शंभर रुपये. दोन मिलीचे डिकँट बाटली आणि टपालखर्च धरून साडेतीनशेला पडले तर मिलीमागे ते महागच आहे, पण निर्णय चुकल्यास बुडणारी रक्कम साडेतीनशेच आहे. दहा मिलीच्या डिकँटला माझा विरोध यासाठी, की आवड पक्की होण्याआधी ते घेतले जाते आणि नावड ठरल्यावर ते वर्षभर कपाटात सडते.

विकत घेताना अस्सलपणाचा प्रश्न येतोच. विक्रेत्याने टाकलेला मूळ बाटलीचा फोटो हा पुरावा नाही. त्या बाटलीतूनच आपले डिकँट निघाले हे फोटो सांगत नाही. कंपनीने स्वतः भरलेली, बंद कुपीतली सँपल मिळत असतील तर तीच घ्यावीत. आमच्या सोलापुरात सगळ्या महागड्या ब्रँडची काउंटर नाहीत, तेव्हा पुण्या-मुंबईला कामानिमित्त जाणे झाले की घरचे डिकँट सोबत न्यावे आणि काउंटरवर तोच परफ्यूम कागदी पट्टीवर घेऊन तिथेच त्याच्याशी ताडून पाहावा. दोन-तीन ओळखीच्यांनी मिळून एक मूळ बाटली घेणे आणि ती सर्वांसमोर वाटून घेणे, हा मला सर्वांत विश्वासाचा मार्ग वाटतो.

वाटून घेताना घाई करू नये. देवघरात निरांजन किंवा उदबत्ती चालू असेल, शेजारी गॅस पेटलेला असेल, तर हे काम तिथे करायचे नाही; अल्कोहोलची वाफ पटकन पेट घेते. खिडकी उघडी, पंखा बंद. अनेक मूळ बाटल्यांचा पंप गळ्याशी पत्र्याने दाबून बसवलेला असतो. तो उचकटण्याच्या फंदात पडू नये. वरचे दाबायचे बटण सरळ वर ओढले की निघते, खाली बारीक नळी दिसते. तिच्यावर बसणारी प्लॅस्टिकची जोडनळी लावून तिचे टोक रिकाम्या बाटलीत सोडावे आणि हळूहळू दाबत राहावे. ज्या बाटलीचा पंप स्क्रूचा असतो तिथे तो फिरवून काढावा आणि नव्या, कोरड्या सिरिंजने परफ्यूम ओढावा. पाच मिलीच्या बाटलीत साडेचार मिलीच भरावे. अल्कोहोल उष्णतेने फुगते आणि वरची कोंडलेली हवाही फुगते. काठोकाठ भरलेली बाटली मेमध्ये पंपातून पाझरू लागते. बाटली पाण्याने धुऊ नये, थेंबभर पाणी राहिले तरी परफ्यूम गढूळ होऊ शकतो. धुवायचीच तर औषधाच्या दुकानातल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन पूर्ण वाळवावी. पंपात मात्र आधीचा वास मुरलेला असतो, म्हणून जुना पंप दुसऱ्या परफ्यूमला वापरू नये.

भरल्यावर बाटली टिश्यू पेपरवर रात्रभर आडवी ठेवावी. सकाळी कागदाला वास आला तर सांधा गळतो आहे. त्याहून पक्की तपासणी म्हणजे वजन. सराफांकडे असतो तसा 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला काटा आता ऑनलाइन मिळतो. भरलेल्या दिवशी बाटलीचे वजन चिठ्ठीवर लिहून ठेवावे आणि न वापरता महिन्याने पुन्हा करावे. एक दशांश ग्रॅम कमी झाले तर एका फवाऱ्याहून थोडा अधिक माल हवेत गेला, म्हणजे ती बाटली बदलायला हवी. चिठ्ठीवर परफ्यूमचे पूर्ण नाव, तो ईडीटी म्हणजे ओ द त्वालेत की ईडीपी म्हणजे ओ द पार्फ्यूम, आणि भरल्याची तारीख हवीच. एकाच नावाचे ईडीटी आणि ईडीपी हे पुष्कळदा दोन वेगळे परफ्यूम असतात, आणि चिठ्ठी नसेल तर मोठी बाटली मागवताना गफलत ठरलेली.

ठेवण्याची जागा म्हणजे अंधार आणि शक्यतो एकसारखे तापमान. बाथरूम नको, खिडकीची फळी नको, पश्चिमेच्या भिंतीला टेकलेले लोखंडी कपाटही नको, कारण दुपारनंतर ते आतून चांगलेच तापते. जुन्या घरांतले माजघर किंवा आतल्या खोलीतला खालचा खण उत्तम. डांबराच्या गोळ्यांच्या कपड्यांत डिकँट ठेवू नयेत. मार्च ते जून या काळात मी डिकँट झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात घालून फ्रीजच्या मागच्या बाजूला ठेवतो. दारात नाही, कारण तिथे तापमान सतत वरखाली होते. बाहेर काढल्यावर बाटली खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी आणि मगच फवारावी.

चाचणीच्या दिवशी पहिले एक-दोन फवारे हवेत सोडावेत, कारण पंपाच्या नळीत अडकलेला परफ्यूम सर्वांत शिळा असतो. मग हाताच्या आतल्या बाजूला दोन फवारे द्यावेत, घासू नयेत, आणि दहा मिनिटांनी, तासाने व चार तासांनी काय वाटले ते लिहावे. मेच्या दुपारी गोड, जड परफ्यूम गुदमरवतो; तोच जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीत, सुरेख वाटतो. तेव्हा उन्हाळ्यात नापसंत केलेल्या अशा परफ्यूमला हिवाळ्यात नव्या डिकँटमधून पुन्हा संधी द्यावी, जुन्या उरलेल्या बाटलीतून नव्हे. पाच मिलीचे डिकँट निम्म्यावर आले आणि लवकर संपणार नसेल तर उरलेला परफ्यूम सिरिंजने दोन मिलीच्या नव्या बाटलीत, वर थोडीच जागा ठेवून भरावा, चिठ्ठीवर मूळ तारीखच लिहावी, आणि वर राहिलेला अर्धा मिली त्याच आठवड्यात वापरून टाकावा.